वीस अंशांसाठी तीनशे चाळीस

रणगाड्यांच्या लढाईचा एखादा ऑनलाइन गेम डोळ्यांसमोर आणा. शत्रूचा रणगाडा मैदानाच्या मध्यभागी उभा आहे आणि तुमचा रणगाडा लांबून त्याच्याभोवती फेरा घेतो आहे. शत्रूचा टरेट, म्हणजे रणगाड्याच्या माथ्यावरचा तोफ बसवलेला फिरता घुमट, तुमच्यावर नेम धरून तुमच्याबरोबर सावकाश वळतो आहे. पूर्वेकडून दक्षिणेकडे, दक्षिणेकडून पश्चिमेकडे, सगळे सुरळीत चालले आहे. मग तुम्ही उत्तर दिशा ओलांडता. तुमच्या दृष्टीने ती पुढची चार पावले असतात. पण त्याच क्षणी तो टरेट एकदम उलट्या बाजूने गर्रकन फिरतो. पश्चिम, दक्षिण, पूर्व अशी जवळजवळ पुरी गिरकी घेऊन तो पुन्हा तुमच्यावर येऊन स्थिरावतो. पुढचा सगळा फेरा नीट पार पडतो. उत्तर आली की पुन्हा गिरकी.

गेम खेळणाऱ्यांना हे दृश्य नवे नाही, आणि गेम बनवायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी ते स्वतःच्या स्क्रीनवर दिसते. बरेच जण दोष इंटरनेटच्या वेगाला देतात. प्रत्यक्षात नेटवर्क व्यवस्थित असते, आलेले आकडेही बरोबर असतात. चूक असते ती त्या आकड्यांच्या वजाबाकीत, आणि ही वजाबाकी पाचवीतल्या मुलालाही समजावी इतकी सोपी आहे.

होकायंत्राप्रमाणे उत्तरेला ० अंश मानू. पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०, आणि पुन्हा उत्तरेला आलो की ३६०, म्हणजेच परत शून्य. आता टरेट ३५० अंशांवर आहे, उत्तरेच्या थोडा डावीकडे. त्याला जायचे आहे १० अंशांवर, उत्तरेच्या थोडा उजवीकडे. घड्याळात अकरा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत दोन तास होतात, दहा होत नाहीत, हे आपण विचार न करता जाणतो. तसेच इथले अंतर फक्त २० अंशांचे आहे, हे आपल्याला चित्र पाहताच कळते. संगणकापुढे चित्र नसते. त्याच्यापुढे दोन आकडे असतात, आणि तो दहातून साडेतीनशे वजा करतो. उत्तर येते उणे ३४०. मग तो आज्ञाधारकपणे टरेटला उलट्या बाजूने ३४० अंश फिरवतो.

या फिरवण्याला गेम बनवणारे इंटरपोलेशन म्हणतात, बोलताना नुसते लर्प. दोन माहीत असलेल्या स्थितींच्या मधल्या स्थिती हिशेबाने भरून काढणे, एवढाच त्याचा अर्थ. सुरुवातीच्या आकड्यात दोन आकड्यांच्या फरकाचा काही हिस्सा मिळवायचा. अर्धा हिस्सा मिळवला की बरोबर मधली स्थिती मिळते. रणगाडा नकाशावर १०० मीटरवरून २०० मीटरवर जात असेल, तर अर्ध्या वाटेत तो १५० मीटरवर असतो. इथे काहीच बिघडत नाही, कारण मीटर सरळ रेषेवर मोजले जातात आणि त्या रेषेवर एका जागेसाठी एकच आकडा असतो. कोनाचे तसे नाही. १० अंश, ३७० अंश आणि उणे ३५० अंश हे तीन वेगळे आकडे एकच दिशा दाखवतात. ३५० वरून निघालेल्या टरेटला १० हे लक्ष्य दिले तर तो ३४० अंश मागे जातो. तीच दिशा ३७० म्हणून दिली तर २० अंश पुढे जातो. दिशा एकच, पण तिच्यासाठी कोणता आकडा निवडला यावर वाट ठरते, आणि सरळ रेषेसाठी लिहिलेल्या सूत्राला अशी निवड करायची असते हेच मुळी ठाऊक नसते.

ऑनलाइन गेममध्ये हे नेमके कसे घडते ते जवळून पाहू. सर्व्हर प्रत्येक रणगाड्याची स्थिती सगळ्या खेळाडूंना ठरावीक वेळाने कळवत असतो. सेकंदाला २० वेळा, असे धरू. म्हणजे दोन निरोपांमध्ये एक विसांश सेकंद जातो. तुमची स्क्रीन मात्र सेकंदाला ६० वेळा नवे चित्र काढते. त्यामुळे सर्व्हरच्या प्रत्येक निरोपामागे तुमच्या संगणकाला तीन चित्रे काढावी लागतात, आणि मधल्या चित्रांत टरेट कुठे दाखवायचा हे त्याचे त्यालाच ठरवावे लागते. आलेली स्थिती जशीच्या तशी दाखवली तर टरेट धक्के खात फिरताना दिसेल. म्हणून इंटरपोलेशन लागते. हौस म्हणून ते कोणी घालत नाही.

समजा एका निरोपात टरेटचा कोन ३५८ आला आणि पुढच्या निरोपात २. टरेट खरे तर चारच अंश वळला आहे. मधली चित्रे ३५९.३ आणि ०.७ अशी निघायला हवी होती. साधे सूत्र काढते २३९.३ आणि १२०.७. म्हणजे एका चित्रात तोफ नैर्ऋत्येच्या बाजूला रोखलेली, पुढच्यात आग्नेयेकडे, आणि तिसऱ्यात पुन्हा उत्तरेला जागेवर. हे सगळे एक विसांश सेकंदात उरकते. डोळ्याला ती गिरकी म्हणूनही नीट दिसत नाही, टरेट क्षणभर लुकलुकल्यासारखा वाटतो. इथे एक विचित्र गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. टरेटला जितके कमी वळायचे असते, तितकी ही चुकीची गिरकी मोठी होते. २० अंश वळायचे असेल तर ३४० अंशांची, ४ अंश असेल तर ३५६ अंशांची. शत्रू बरोबर उत्तरेला उभा असेल आणि नेम एखाद्या अंशाने इकडेतिकडे हलत असेल, तर टरेट दर निरोपाला जवळपास पुरा फेरा मारत राहतो.

टॉवर डिफेन्स प्रकारच्या गेममध्ये याच चुकीने खेळाचा निकालच बदलू शकतो. तिथे बुरुजावरची तोफ एकदम वळत नाही, तिला ठरावीक वेग दिलेला असतो. सेकंदाला ९० अंश, असे समजा. योग्य वाटेने २० अंश वळायला तिला पाव सेकंदही लागत नाही. लांबच्या वाटेने ३४० अंश जायला पावणेचार सेकंदांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात शत्रू बुरुजासमोरून सहज निसटतो. खेळणाऱ्याला वाटते की तोफेचा वेग कमी आहे, म्हणून तो पैसे खर्चून वेग वाढवतो. गेम बनवणाऱ्यालाही तसेच वाटू शकते, आणि मग तो आकडे बदलत बसतो, शत्रूचा वेग कमी करतो, तोफेचा पल्ला वाढवतो. मूळ चूक तशीच राहते आणि तिच्यावर तोलमोलाचे थर चढत जातात. माझ्या मते या बगचा खरा त्रास हाच आहे. नुसती गिरकी दिसली असती तर कोणीही ती दुरुस्त केली असती.

मग ही चूक बनवणाऱ्याच्या नजरेतून सुटते कशी? पहिले कारण असे, की स्वतःच्या रणगाड्यावर ती बहुधा दिसतच नाही. तुमचा टरेट तुमच्याच माऊसच्या मागे जातो. माऊस जिथे आहे तिथे कोन थेट बसवला जातो, मधल्या स्थिती भरण्याची गरज नसते. इंटरपोलेशन होते ते इतरांच्या स्क्रीनवर. एकटा बसून चाचणी घेणाऱ्याला सगळे व्यवस्थित दिसते, आणि तक्रार नेहमी दुसऱ्याकडून येते. त्यात हा दुसरा माणूस असे सांगतो, की कधीकधी होते, नेहमी होत नाही.

दुसरे कारण या ‘कधीकधी’मध्येच आहे. चूक फक्त एका दिशेला लपलेली असते. कोन ० ते ३६० असा मोजला तर ती उत्तरेला असते, जिथे ३५९ नंतर एकदम शून्य येते. बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत दोन बिंदूंमधली दिशा काढायला `atan2` नावाचे फंक्शन वापरतात. ते उणे १८० ते अधिक १८० अंशांच्या पट्ट्यात उत्तर देते, अर्थात रेडियनच्या मापात. त्याचा शून्य स्क्रीनच्या उजवीकडे असतो, म्हणून त्याची सीमा येते बरोबर डावीकडे. ज्या गेममध्ये शत्रू नेहमी उजवीकडूनच चालून येतात, तिथे ही चूक महिनोन्महिने कोणाला भेटणार नाही. एक दिवस डावीकडे नवा रस्ता काढला जातो आणि तोफा वेड्यासारख्या फिरायला लागतात. नवा रस्ता काढणाऱ्यावर आळ येतो, त्याची काही चूक नसताना.

या सीमेवरूनच रोगनिदान करता येते. टरेट बहकतो ती दिशा टिपून ठेवा. नकाशावर कुठेही गेलात तरी नेहमी त्याच एका दिशेला बहकत असेल, तर नेटवर्कवर संशय घेण्याचे कारण नाही. कोनाची सीमा ओलांडताना वजाबाकी चुकते आहे. रणगाड्याचे धड वळवल्यावर ती दिशाही धडाबरोबर वळत असेल, तर चूक टरेटच्या धडाशी असलेल्या कोनात आहे. आणि दिशेचा काहीच मेळ लागत नसेल, तरच निरोप हरवणे किंवा उशिरा पोचणे अशा कारणांकडे वळावे.

चूक कळल्यावर अनेकांच्या मनात पहिला उपाय येतो तो मापाचा पट्टा बदलण्याचा. ० ते ३६० मध्ये उत्तरेला अडचण येते ना, मग उणे १८० ते अधिक १८० असे मोजू. आता ३५० चे होतात उणे १०, लक्ष्य अधिक १०, फरक २०. टरेट शहाण्यासारखा वळतो आणि काम फत्ते झाल्याचे वाटते. पण आता दक्षिणेला जाऊन पाहा. १७० वरून १९० वर जायचे होते, ते १९० आता उणे १७० झाले आहे. फरक उणे ३४०. गिरकी उत्तरेहून दक्षिणेला गेली, बाकी काही झाले नाही. वर्तुळ कुठेही कापून सरळ केले तरी कापल्याची जागा कुठेतरी राहणारच.

खरा उपाय कोन कसा साठवला याच्याशी संबंधित नाही. दोन कोन कसेही लिहिलेले असोत, त्यांचा फरक काढल्यावर तो फरक उणे १८० ते अधिक १८० या मर्यादेत आणायचा. ३६० ची पूर्ण आवर्तने दिशा बदलत नाहीत, म्हणून फरकातून ती हवी तितकी काढता किंवा त्यात घालता येतात. उणे ३४० मध्ये ३६० मिळवले की २० मिळतात. हाच जवळचा रस्ता. कोडमध्ये हे तीन ओळींत बसते:

```
d = target - current
d = d - 360 * floor((d + 180) / 360)
current = current + d * t
```

मधली ओळ म्हणजे सगळे मर्म. फरकात किती पूर्ण आवर्तने दडली आहेत ते ती मोजते आणि तेवढी काढून टाकते. `floor` म्हणजे खालच्या पूर्ण संख्येपर्यंत उतरवणे. फरक उणे ३४० असेल तर कंसातली बेरीज उणे १६० होते, तिला ३६० ने भागून खाली उतरवले की उणे १ मिळतो, म्हणून ३६० मिळवले जातात. शेवटची ओळ नेहमीचेच लर्प आहे. तिच्यात कधीच काही चुकीचे नव्हते.

हीच गोष्ट १९९९ च्या ‘क्वेक ३’ या गेममध्ये `LerpAngle` नावाच्या छोट्या फंक्शनमध्ये आहे. त्या गेमचा सोर्स कोड २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला, त्यामुळे आज कोणीही तो उघडून वाचू शकतो. तिथे फरक १८० हून मोठा असेल तर लक्ष्यातून ३६० वजा केले आहेत, आणि उणे १८० हून लहान असेल तर ३६० मिळवले आहेत. दोन साध्या अटी. आजच्या गेम इंजिनांत हे काम तयारच मिळते. युनिटीमध्ये `Mathf.LerpAngle` आहे, गोडोमध्ये `lerp_angle`. पहिल्याला अंश द्यायचे, दुसऱ्याला रेडियन, एवढे लक्षात ठेवावे लागते. खरी अडचण अशी, की युनिटीत `Mathf.Lerp` हे साधे फंक्शनही त्याच्या शेजारीच आहे, तेही तीनच आकडे घेते, आणि त्याला कोन दिले तर कसलीही तक्रार करत नाही. संगणकाच्या लेखी मीटर आणि अंश दोन्ही नुसते आकडे. कोड चालतो, चूक दाखवली जात नाही, आणि बाराआणे दिशांना उत्तरही बरोबर येते.

दुरुस्ती केल्यानंतरही चूक अर्धी उरू शकते, आणि त्याचे एक उदाहरण प्रत्येक शिकणाऱ्याने कागदावर सोडवून पाहावे असे आहे. वरच्या मधल्या ओळीऐवजी बरेच जण भागाकाराची बाकी वापरतात, कारण ते लिहायला सुटसुटीत वाटते:

```
d = (d + 180) % 360 - 180
```

टरेट १० वरून ३५० कडे, म्हणजे डावीकडे वळतो आहे असे धरा. फरक अधिक ३४०. त्यात १८० मिळवून ५२०, ३६० ने भागून बाकी १६०, त्यातून १८० वजा करून उणे २०. अगदी बरोबर. आता उलटे, ३५० वरून १० कडे. फरक उणे ३४०, त्यात १८० मिळवून उणे १६०. आता उणे १६० ला ३६० ने भागल्यावर बाकी किती? पायथन सांगते २००, आणि त्यातून १८० गेले की २० उरतात. पण सी, सी शार्प, जावा आणि जावास्क्रिप्ट या भाषा सांगतात उणे १६०, कारण तिथे बाकीचे चिन्ह भाज्याच्या चिन्हासारखे असते. त्यातून १८० वजा केले की पुन्हा उणे ३४०. दुरुस्तीची ओळ चालली आणि तिने काहीच केले नाही. परिणामी टरेट डावीकडे वळताना शहाणा आणि उजवीकडे वळताना तसाच बिघडलेला. ज्याने चाचणीत एकाच बाजूने फेरा मारला, तो दुरुस्ती झाली म्हणून फाइल बंद करतो. पायथनमध्ये सूत्र तपासून ते सी शार्पमध्ये उतरवणारा तर याहून जास्त चक्रावतो.

दुसरा फसवा प्रसंग धड आणि टरेट दोन्ही वळतात तेव्हा येतो. टरेट धडावर बसलेला असतो, म्हणून त्याचा धडाशी असलेला कोन काढण्यासाठी टरेटच्या दिशेतून धडाची दिशा वजा करतात. टरेट १० वर आणि धड ३५० वर असेल, तर हा कोन येतो उणे ३४०. दिशेने पाहिले तर तो अधिक २० च आहे, पण लिहिला गेला उणे ३४०. थोड्या वेळाने टरेट ३५५ वर येतो, धड ५ वर. आता कोन अधिक ३५०, म्हणजे खरे तर उणे १०. टरेटला धडावर ३० अंश डावीकडे सरकायचे आहे. पण दोन आकड्यांचा फरक भरतो ६९०. दोन साध्या अटींची दुरुस्ती त्यातून एकदाच ३६० वजा करते, उरतात ३३०, आणि टरेट पुन्हा लांबच्या वाटेने निघतो. ‘क्वेक ३’मधल्या फंक्शनला दोष देण्यात अर्थ नाही, येणारे कोन एकाच आवर्तनातले असतील असे ते गृहीत धरते. कोन आधी मर्यादेत न आणता अशा फंक्शनच्या हाती देणे ही वापरणाऱ्याची चूक. आवर्तने मोजून काढणारी वरची तीन ओळींची पद्धत ६९० मधून दोन्ही आवर्तने काढते आणि उणे ३० देते.

या सगळ्या कसरतीला एक सुंदर पर्याय जुन्या गेममध्ये सापडतो. १९९६ च्या पहिल्या ‘क्वेक’मध्ये नेटवर्कवरून कोन पाठवताना जागा वाचवण्यासाठी तो एका बाइटमध्ये बसवत. पूर्ण वर्तुळाचे २५६ भाग, एक भाग साधारण १.४ अंशांचा. ३५० अंशांचे होतात २४८ भाग, १० अंशांचे ७. आता ७ मधून २४८ वजा केले तर उणे २४१ येतात. पण एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात, आणि शून्याच्या खाली गेलेला आकडा आपोआप वरून आत येतो. म्हणून बाइटमधले उत्तर होते १५. पंधरा भाग म्हणजे सुमारे २१ अंश, उजवीकडे. उत्तर १२८ किंवा त्याहून मोठे आले तर ते डावीकडचे समजायचे. वेगळी अट नाही, बाकी नाही. १९९३ च्या ‘डूम’मध्ये कोन असेच पूर्णांकात ठेवले होते, फक्त तिथे वर्तुळ ३२ बिटांत विभागले होते, त्यामुळे भाग अतिशय बारीक होते. संगणकाचा पूर्णांक शेवटाला पोचून पुन्हा शून्यावर येतो, हे एरवी धोक्याचे मानले जाते. वर्तुळाला नेमके तेच हवे असते. दशांश आकड्यांत अंश साठवायला लागल्यावर आपण ही फुकट मिळणारी सोय गमावली, असे मला मनापासून वाटते.

जवळच्या वाटेलाही तिच्या मर्यादा आहेत. शत्रू बरोबर पाठीमागे, १८० अंशांवर असेल तर जवळची वाट अशी उरतच नाही, दोन्ही सारख्याच. शत्रू १७९ आणि १८१ च्या मध्ये डुलत राहिला, तर संथ टरेट कधी उजवीकडे निघतो, कधी डावीकडे, आणि जागच्या जागी थरथरतो. गणित तिथे चुकलेले नसते. त्यावर उपाय म्हणून एकदा निवडलेली बाजू थोडा वेळ धरून ठेवावी लागते. तसेच सर्व्हरचे निरोप फार विरळ असतील आणि दोन निरोपांच्या मध्ये टरेट खरोखरच १८० अंशांहून जास्त वळला असेल, तर जवळची वाट हा अंदाज खोटा ठरतो. सेकंदाला २० निरोप असताना तसे होण्यासाठी टरेटला सेकंदात दहा फेरे मारावे लागतील. पण दूरच्या रणगाड्यांची खबर सेकंदातून एकदाच पाठवणाऱ्या गेममध्ये हे सहज शक्य आहे. तिथे कोनाबरोबर वळण्याचा वेगही पाठवावा लागतो.

आणि काही ठिकाणी लांबची वाटच बरोबर असते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि प्रत्येक अँटेना आडवी वळते. पण तिला गोल गोल हवे तितके फिरता येत नाही, कारण वरून खाली येणाऱ्या केबलना पीळ बसतो. म्हणून मधल्या स्थितीपासून दोन्ही बाजूंना साधारण २७० अंशांपर्यंतच वळण्याची मुभा आहे. समजा अँटेना २६० अंशांवर आहे आणि पुढचा तारा २८० अंशांच्या दिशेला आहे. जवळची वाट २० अंशांची, पण २७० वर ती बंद होते. अँटेनाला उणे ८० वर यावे लागते, म्हणजे ३४० अंश उलटे फिरून. मिनिटाला ३० अंश या तिच्या वेगाने त्याला सव्वाअकरा मिनिटांहून जास्त वेळ लागतो, आणि ती वेळ निरीक्षणाच्या वेळापत्रकात धरावी लागते. इथे २६० आणि उणे १०० ही एकच दिशा असली तरी एकच स्थिती नाही, केबलचा पीळ दोन्हीकडे वेगळा आहे. अशा यंत्राला `LerpAngle` लावले तर केबल तुटेल. युद्धनौकांवरच्या तोफांनाही असेच अडथळे असतात, कारण मध्ये जहाजाचा मनोरा येतो. अशा जहाजांचा गेम बनवताना तोफ लांबून फिरून आली, तर ती बगमुळे आली की अडथळ्यामुळे, हे आधी पाहायला हवे.

म्हणून दुरुस्ती करण्याआधी एक प्रश्न विचारावा: हा टरेट गोल गोल अमर्याद फिरू शकतो का? फिरत असेल तर फरक मर्यादेत आणा. फिरत नसेल तर कोन सरळ रेषेवरच्या आकड्यासारखाच वागतो आणि साधे लर्पच बरोबर आहे.

गेम बनवणाऱ्या, किंवा बनवायला शिकणाऱ्या वाचकांना एक विनंती. टरेट तयार झाला की एका लक्ष्याला त्याच्याभोवती सावकाश पूर्ण फेरा मारायला लावा, आधी उजवीकडून, मग डावीकडून. धड वळत असेल तर धड वळते ठेवून तेच पुन्हा करा. आणि हा फेरा स्वतःच्या स्क्रीनवर पाहून थांबू नका, दुसऱ्या संगणकावरून जोडलेल्या खेळाडूच्या स्क्रीनवरही पाहा. एक फेरा मिनिटभरात होतो, आणि या चुकीला लपायला त्यात एकही दिशा उरत नाही.